तळलेले दोन आणि वाहती वाळू

फिनिक्सचे पंजे. डुकराच्या आतड्याची शेव. वाहत्या वाळूचा पाव. तळलेले दोन. हाँगकाँग किंवा ग्वांगझोच्या चहाघरात बसून डिम समच्या यादीतली चिनी अक्षरं एकेक करून कुणी उलगडून सांगितली, तर कानावर पडते ती ही अशी नावं. प्रत्यक्षात टेबलावर येतं ते कोंबडीचे पाय, तांदळाच्या पिठाची मऊ गुंडाळी, अंड्याच्या पिवळ्याचं गोड सारण भरलेला पाव आणि मैद्याची तळलेली कांडी पोटात घेतलेली तीच तांदळाची गुंडाळी.

डिम सम हा दक्षिण चीनमधल्या कँटनी लोकांचा सकाळ-दुपारचा फराळ. तिथं ‘डिम सम खायला चला’ असं फारसं कुणी म्हणत नाही, ‘चहा प्यायला चला’ म्हणतात. चहाची किटली मधे ठेवायची आणि बांबूच्या छोट्या करंड्यांतून तीन-चार घासांचे पदार्थ मागवत राहायचं. यादी बहुधा कागदावर छापलेली असते आणि हव्या त्या नावापुढं खूण करून ती वाढप्याकडं द्यायची असते. नावांचं कोडं सुरू होतं ते इथंच.

कोडं सोडवायची एक सोपी रीत आहे. नाव शेवटाकडून वाचायचं. कँटनी पदार्थाच्या नावातला शेवटचा शब्द बहुतेकदा पदार्थाचा घाट सांगतो. ‘बाव’ म्हणजे सारण भरलेला पाव, ‘गाव’ म्हणजे पातळ पारीची, चुण्यांची वाफवलेली पुडी, ‘गोक’ म्हणजे शिंगाच्या आकाराचं तळलेलं, ‘गो’ म्हणजे थापून वाफवलेलं आणि ‘फन’ म्हणजे तांदळाच्या पिठाची शेव किंवा पोळी. त्याआधी सारण, त्याच्याही आधी शिजवण्याची रीत आणि मसाला. हे सगळं धड सरळ असतं. घोटाळा होतो तो मधल्या शब्दांत, कारण तिथं स्वयंपाकी घटक न सांगता कधी रूप सांगतो, कधी पोत, तर कधी नुसता शुभशब्द ठेवतो.

सगळ्यात गाजलेलं नाव ‘शी जाप झिंग फुंग जाव’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘आंबवलेल्या काळ्या सोयाबीनच्या रसातला वाफवलेला फिनिक्सचा पंजा’. रस खरा, वाफही खरी. फिनिक्स मात्र कोंबडी आहे. ज्या पक्ष्याला आपण इंग्रजीच्या सवयीनं फिनिक्स म्हणतो तो चिनी फुंग राखेतून उठणारा नाही. तो पक्ष्यांचा राजस प्रमुख, ड्रॅगनचा जोडीदार, लग्नाच्या सजावटीत हमखास असणारा. कोंबडीला त्याची पदवी देणं ही कँटनी यादीची जुनी सवय आहे. घरी बोलताना हेच लोक सरळ ‘गाय ग्युक’, म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणतात.

पण नुसत्या पदवीवर हा पदार्थ टिकलेला नाही. पायावर मांस जवळपास नसतंच. कातडी, कूर्चा आणि बारीक हाडं एवढंच. त्या कातडीचं काहीतरी करण्यात सगळं कौशल्य असतं. आधी नखं छाटतात. मग पायांना माल्टोजची साखर किंवा गडद सोया सॉस चोळून ते वाळवतात, म्हणजे तळताना रंग चढतो. कडकडीत तेलात तळतात आणि कढईवर झाकण ठेवतात, कारण कातडीतलं पाणी तेल उडवतं. तळून झाले की लगेच बर्फाच्या पाण्यात टाकून काही तास ठेवतात. तेलात फुगलेली कातडी गार पाण्यात सैल पडते आणि तिला सुरकुत्या येतात. कँटनी स्वयंपाकी तिला ‘वाघाची कातडी’ म्हणतात, म्हणजे एका पायावर फिनिक्सही झाला आणि वाघही. त्यानंतर आलं आणि चक्रीफूल घालून तास-दीड तास मंद शिजवणं, मग काळं सोयाबीन, लसूण, मिरची, ऑयस्टर सॉस आणि जरा साखर लावून मुरवणं. मागणी आली की करंडीत वाफवून देतात.

चांगला कसा ओळखायचा? कातडी गुळगुळीत आणि ताणलेली दिसली तर तळण्यात किंवा भिजवण्यात कुणीतरी घाई केली आहे. नीट जमलेल्या पायाची कातडी जिभेनं ढकलली तरी हाडावरून सुटते. हाडं ताटलीत टाकायची, त्यात तिथं काही वावगं नाही.

याच पदार्थाचा गार, आंबटगोड प्रकार ‘पांढऱ्या ढगाचा फिनिक्स पंजा’ या नावानं मिळतो. तो तळत नाहीत. पाय उकडून, गार पाण्यात खूप वेळ धुऊन, तांदळाच्या व्हिनेगरमध्ये साखर-मीठ घालून मुरवतात. पांढरेशुभ्र पाय पाहून ‘ढग’ रंगामुळं आले असावेत असं वाटतं. पण पांढरा ढग, म्हणजे बाययुन, हा ग्वांगझोच्या उत्तरेला असलेला डोंगर आहे आणि परंपरा नावाचा संबंध त्याच्याशी जोडते.

पदवी चढवण्यामागं कधी भपका असतो, तर कधी चक्क भीती. जुन्या पद्धतीच्या चहाघरांत डुकराच्या काळजाचे काप वर ठेवलेलं शाव माय, म्हणजे वरून उघडी वाफवलेली पुडी, मिळतं. यकृताला चिनीत ‘गोन’ म्हणतात आणि ‘कोरडं’ यालाही उच्चार तोच. कोरडं म्हणजे खिशात पैसा नसणं. म्हणून कँटनी माणसानं यकृताचं नाव ‘यन’ केलं, म्हणजे ‘ओलसर’. जिभेचंही तसंच. तिचा शब्द ‘तोटा’ या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून खाण्याची जीभ ‘लेय’ झाली, म्हणजे ‘नफा’. ज्या व्यापारी शहरात चहाच्या टेबलावरच सौदे होत, तिथं ‘कोरडं’ आणि ‘तोटा’ मागवायला कोण बसेल?

‘च्युंग फन’मध्ये मात्र कसलीही लपवाछपवी नाही, उलट फारच स्पष्ट बोलणं आहे. च्युंग म्हणजे आतडं. पूर्ण नाव डुकराच्या आतड्याचं. पण पदार्थात आतडं औषधालाही नाही. भिजवून वाटलेल्या तांदळाचं ताकासारखं पातळ पीठ तेल लावलेल्या ट्रेवर किंवा ताणलेल्या कापडावर पसरतात, वाफेवर एखाद-दोन मिनिटं ठेवतात आणि पोळी पारदर्शक झाली की खरवडून गुंडाळतात. पांढरी, चकचकीत, घड्या पडलेली ती गुंडाळी धुतलेल्या आतड्यासारखी दिसते, एवढाच संबंध. आत कोळंबी, गोमांस किंवा भाजलेलं डुकराचं मांस घालतात आणि वरून गोडसर सोया सॉस ओततात. पोळी इतकी पातळ हवी की आतली कोळंबी बाहेरून गुलाबी दिसावी. दाताला चिकटली तर पीठ घट्ट होतं किंवा थर जाड पडला.

याच घराण्यातलं ‘जा ल्युंग’, म्हणजे ‘तळलेले दोन’. दोन काय, हे नावात नाहीच. मैद्याची खुसखुशीत तळलेली कांडी दोन पट्ट्या जोडून केलेली असते आणि ती च्युंग फनमध्ये गुंडाळून कापतात. नुसत्या कांडीचं कँटनी नाव आहे ‘याव जा ग्वाय’, तेलात तळलेलं भूत. लोककथा अशी की 1142 साली सेनापती यूए फेई याला खोट्या आरोपाखाली मारलं गेलं, त्यात मंत्री छिन ह्वी याचा हात होता. लोकांनी संतापून पिठाच्या दोन आकृत्या, मंत्री आणि त्याची बायको, एकमेकांना चिकटवून तेलात सोडल्या. कथा खरी असेल-नसेल, कांडी मात्र आजही जोडीनंच तळली जाते.

आणि मग येतं ‘जाय च्युंग’. जाय म्हणजे बौद्धांचा सात्त्विक, मांसाविना आहार. शब्दशः अर्थ लावला तर ‘सोवळं आतडं’. पदार्थ आहे नुसती, सारण न भरलेली तांदळाची गुंडाळी. हाँगकाँगच्या रस्त्यावर ती कात्रीनं तुकडे करून, वर तिळाचा सॉस, गोड सॉस आणि तीळ घालून देतात. शाकाहारी मराठी प्रवाशाला चहाघरात सगळ्यात आधी विचारावा असा हा पदार्थ आहे. नाव मात्र असं की यादीवरून त्याचीच नजर पहिली पळावी.

उलट ज्या नावांवर तो निर्धास्त होईल तिथं जपायला हवं. ‘लो बाक गो’चं इंग्रजी नाव सगळीकडं टर्निप केक असं छापलेलं असतं. तो टर्निप नाही आणि केकही नाही. तो पांढरा मुळा आहे आणि मराठीत याला मुळ्याची वडी म्हणणंच योग्य, कारण कृतीही कोथिंबीर वडीच्याच वाटेची. मुळा किसून त्याच्याच पाण्यात शिजवतात, तांदळाचं पीठ मिसळून डब्यात थापतात आणि तासभर वाफवतात. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावत नाहीत, नाहीतर चुरा होतो. मग बोटभर जाडीचे काप दोन्ही बाजूंनी खमंग परततात. सिंगापूरमध्ये याच जातीच्या पदार्थाला कॅरट केक म्हणतात, कारण चिनीत गाजराचं नाव ‘लाल मुळा’ आहे आणि इंग्रजीत जाताना मुळ्याचं गाजर झालं. गाजराचा तुकडाही त्यात नसतो.

जे असतं ते नावात नाही. वडीत डुकराच्या मांसाचं गोडसर सॉसेज आणि सुकी कोळंबी बारीक चिरून घातलेली असते. अरवीच्या जातीच्या कंदाचं जाळीदार ‘वू गोक’ नावानं कंदाचंच, पण पोटात डुकराचा खिमा आणि वरच्या जाळीत बहुधा डुकराचीच चरबी. तेव्हा खूण करण्याआधी सारण काय, एवढंच नव्हे तर चरबी कुठली, हेही विचारावं.

‘लाव सा बाव’, वाहत्या वाळूचा पाव, यात मांस नसतं, अंडं असतं. मिठात मुरवलेल्या बदकाच्या अंड्यांचा पिवळा भाग वाफवून चुरतात, त्यात लोणी, साखर आणि दूध पावडर मिसळतात आणि गोळे करून गोठवतात. गोठवल्याशिवाय ते पिठात भरताच येत नाहीत. पाव वाफेवर फुलतो तेव्हा आतला गोळा वितळतो. खारवलेल्या पिवळ्याला मुळातच एक रवाळ पोत असतो. ‘सा’, म्हणजे वाळू, हा शब्द त्या पोताचा आहे. लाल चवळीसारख्या डाळीच्या गोड सारणालाही तिथं ‘डाळीची वाळू’च म्हणतात. पाव फोडल्यावर सारण जागेवरच बसलं तर तो वाफेवरून फार आधी काढला किंवा टेबलावर गार झाला. वाहिलं तर जमला. मात्र ते सारण वाफेइतकंच गरम असतं, म्हणून अख्खा पाव तोंडात घालायचा नाही. आधी वरून थोडा फोडून वाफ जाऊ द्यायची.