बदल सांगितला, दाखवला नाही

सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, असा निरोप त्याला कधी ना कधी आलेला असतो: 'लॉगिनच्या भागात छोटासा बदल केलाय. सेशन संपलं की आता एरर येत नाही, सरळ लॉगिनचं पान उघडतं. दोन जुन्या ओळी काढल्यात. जरा रिव्ह्यू करून दे ना.' निरोप स्वच्छ लिहिलेला असतो, हेतूही कळतो. फक्त ज्याचा रिव्ह्यू करायचा तो कोडच सोबत नसतो. फाइल नाही आणि डिफही नाही.

डिफ म्हणजे काय, ते आधी पाहू. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून कुठल्या ओळी गेल्या आणि कुठल्या आल्या याची यंत्राने काढलेली यादी म्हणजे डिफ. गेलेल्या ओळीपुढे उणे चिन्ह असतं, आलेल्या ओळीपुढे अधिक, आणि संदर्भासाठी आजूबाजूच्या दोन-तीन न बदललेल्या ओळीही असतात. ही यादी काढणारा `diff` हा प्रोग्राम १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये युनिक्ससाठी तयार झाला. आजचं सगळं कोड रिव्ह्यूचं काम त्याच कल्पनेवर चालतं. यंत्र मत देत नाही, जे बदललं तेवढंच दाखवतं. निरोपातलं वर्णन मात्र माणसाने लिहिलेलं असतं, आणि आपण काय केलं असं त्याला वाटतं ते त्यात उतरतं. चूक बहुतेक वेळा नेमकी या दोहोंच्या मधल्या फटीत असते.

ही फट किती महाग पडू शकते, हे २००६ साली डेबियनमध्ये दिसलं. डेबियन ही लिनक्सची एक मोठी आवृत्ती आहे, आणि उबुंटू तिच्यावरच बेतलेली आहे. दोन्हींत ओपनएसएसएल नावाची लायब्ररी असते. इंटरनेटवरच्या सुरक्षित संवादासाठी लागणाऱ्या गुप्त चाव्या तीच तयार करते. अशी चावी करायची तर कुणालाही अंदाज येणार नाही असे आकडे लागतात. त्यासाठी ही लायब्ररी एक साठा राखते आणि ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळालेली यादृच्छिक माहिती त्यात घुसळत राहते.

डेबियनच्या स्वयंसेवकांना एक त्रास होत होता. मेमरीतल्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंड हे साधन चालवलं की ओपनएसएसएलमधून इशाऱ्यांचा पाऊस पडायचा: किंमत न दिलेली मेमरी वापरली जात आहे. लायब्ररीची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकाने मूळ शोधलं. मग ओपनएसएसएलच्या मंडळींना लिहून विचारलं, की `md_rand.c` या फाइलमधल्या या दोन ओळींमुळे हे होतं, त्या बंद कराव्यात असं वाटतं, तुमचं मत काय? साठ्यावर नेमका काय परिणाम होईल ते आपल्याला ठाऊक नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. दोन्ही ठिकाणी ओळ हीच होती:

```c
MD_Update(&m,buf,j);
```

उत्तर आलं, की डीबगिंगला मदत होत असेल तर काढायला हरकत नाही. ओळी काढल्या गेल्या.

ओळी दिसायला जुळ्या असल्या तरी त्यांची कामं अगदी वेगळी होती. एक ओळ साठ्यातून आकडे बाहेर देणाऱ्या फंक्शनमध्ये होती. तिथे `buf` म्हणजे आकडे भरून घेण्यासाठी मागणाऱ्याने पुढे केलेली जागा. त्यात आधीपासून जो कचरा असेल तोही घुसळला जायचा, म्हणून इशारा यायचा. ही ओळ गेली तरी फारसं बिघडत नव्हतं. दुसरी ओळ साठ्यात माहिती भरणाऱ्या फंक्शनमध्ये होती, आणि तिथे `buf` म्हणजे खुद्द ती यादृच्छिक माहिती. ही ओळ बंद झाल्यावर साठ्यात काहीच मिसळेनासं झालं.

आता तोच बदल गिटच्या डिफमधून पाहा. (गिट २००५चं, पण त्या काळचं `diff -p` हेही काम करायचं.) `@@` या खुणेनंतर बदल कोणत्या फंक्शनमधला आहे ते छापलं जातं. दोन्ही बदलांचे मथळे, आकडे गाळून, साधारण असे दिसले असते:

```diff
@@ static void ssleay_rand_add(const void *buf, int num, double add)
-		MD_Update(&m,buf,j);
@@ static int ssleay_rand_bytes(unsigned char *buf, int num)
-		MD_Update(&m,buf,j); /* purify complains */
```

सी भाषा जाणणाऱ्याची नजर पहिल्या मथळ्यातल्या `add` आणि `const` या शब्दांवर अडखळायला हवी. `const` म्हणजे फंक्शन `buf` नुसतं वाचणार, त्यात लिहिणार नाही. म्हणजे ती आत येणारी माहिती आहे. मग ती वाचणारी ओळ काढली, तर या फंक्शनला काम काय उरलं? हा प्रश्न त्या मथळ्यातूनच उभा राहतो. डिफ पाहिला असता तर चूक पकडली गेलीच असती, असं मी म्हणणार नाही. घाईत वाचणारा डिफवरूनही सरकून जातो. पण नुसत्या ओळी आणि त्यांचे क्रमांक पाहून ती पकडणं जवळपास अशक्य होतं. एक खूण तेवढी होती. दुसऱ्या ओळीभोवती `#ifndef PURIFY` अशी सोय मूळ लेखकांनीच केली होती, म्हणजे तपासणीच्या वेळी ती गाळता यावी. पहिलीभोवती ती नव्हती. का नव्हती, हे कुणी विचारलं नाही.

वर्णनातून आणखी एक गोष्ट निसटली. उत्तर देणाऱ्याने डीबगिंगचा उल्लेख केला, त्यावरून हा बदल तपासणीपुरता आहे अशी त्याची समजूत झाली असावी. प्रत्यक्षात तो डेबियन वापरणाऱ्या सगळ्यांकडे गेला. खरा पॅच ओपनएसएसएलकडे रिव्ह्यूसाठी परत गेलाच नाही, तो डेबियनच्या प्रतीतच राहिला.

दोष उघड झाला मे २००८ मध्ये. साठ्यात बदलणारी म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे प्रोसेसचा क्रमांक. लिनक्सवर तो सहसा ३२,७६८ च्या पुढे जात नसे. म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर, ठरावीक लांबीची चावी जास्तीत जास्त एवढ्याच प्रकारांनी तयार होऊ शकत होती. सगळ्या आधीच बनवून ठेवायच्या आणि एकेक लावून पाहायच्या, हे साध्या संगणकालाही जमणारं काम. जगभरच्या व्यवस्थापकांना सर्व्हरच्या चाव्या आणि प्रमाणपत्रं बदलावी लागली. कमकुवत चाव्यांच्या याद्या डेबियनने पुरवल्या, म्हणजे तशी चावी आली की सर्व्हर ती नाकारेल.

डिफ न पाठवण्यामागे दर वेळी आळसच असतो असं नाही. गिटच्या सवयीही दगा देतात. नवी फाइल `git add` केलेली नसेल तर `git diff` तिची दखलच घेत नाही. आणि सगळंच `add` करून ठेवलं असेल तर तीच आज्ञा रिकामं उत्तर देते, तेव्हा `git diff --staged` म्हणावं लागतं. कमिट केलं पण पुश करायचं राहिलं, तर पाठवणाऱ्याला बदल दिसतो, पाहणाऱ्याला नाही. म्हणून पाठवण्याआधी `git status` पाहावं, आणि बदल नाजूक जागी असेल तर `git diff -W` वापरावं, त्यात अख्खं फंक्शन येतं.

नुसतं वर्णन हाती आलं तर रिव्ह्यू करणाऱ्याने गप्प बसावं असं मात्र नाही. हा बदल करावा का, या प्रश्नाचं उत्तर वर्णनावरून देता येतं. तो बरोबर केलाय का, याचं नाही. लॉगिनच्या त्या निरोपाला एवढंच उत्तर पुरे: 'कल्पना पटली. काढलेल्या दोन ओळी कुठल्या फंक्शनमधल्या आणि मुळात कशासाठी होत्या ते सांग, आणि डिफ पाठव. कोड अजून पाहिलेला नाही, त्यामुळे ही मंजुरी समजू नकोस.' यातलं शेवटचं वाक्य कधीही गाळू नका.