शिरोरेषा गेली कुठे? चित्र लहान-मोठं करण्याबद्दलचे गैरसमज

एखादं छापील मराठी पान ३०० डीपीआयवर स्कॅन केलं, की ए-फोर आकाराचं चित्र साधारण २४८० पिक्सेल रुंद आणि ३५०८ पिक्सेल उंच येतं. यादीत दाखवायला त्याची छोटी प्रतिमा हवी म्हणून ते एक-अष्टमांश केलं, तर पुष्कळदा विचित्र प्रकार दिसतो. काही ओळींची शिरोरेषा ठळक काळी राहते, काहींची नाहीशीच होते, आणि पान जरा तिरकं स्कॅन झालं असेल तर एकाच ओळीची रेषा मध्येमध्ये तुटते. दोष स्कॅनरला किंवा जेपेगला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: पिक्सेल कमी करताना नव्या पिक्सेलचा रंग कोणत्या पद्धतीने ठरवला, हे. निअरेस्ट नेबर, बायलिनिअर, बायक्यूबिक आणि लॅन्झॉस ही त्या पद्धतींची नावं. सॉफ्टवेअरच्या यादीत ती सहसा याच क्रमाने दिसतात, आणि त्या क्रमातूनच काही समजुती पक्क्या झाल्या आहेत.

गैरसमज: यादीत जितकं खाली जावं, तितका दर्जा चढत जातो

आधी चित्र मोठं करण्याचं पाहू. नवा पिक्सेल जुन्या पिक्सेलांच्या मधल्या जागेत पडतो. तिथे किती उजेड असावा, एवढाच प्रश्न असतो. निअरेस्ट नेबर सर्वांत जवळच्या एका पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा उचलतो. बायलिनिअर भोवतालचे चार पिक्सेल घेतो आणि जो जवळ त्याला जास्त वजन देतो. बायक्यूबिक सोळा घेतो. लॅन्झॉसचा नेहमीचा प्रकार छत्तीस घेतो.

शेवटच्या दोघांचं वैशिष्ट्य असं, की दूरच्या काही पिक्सेलांना ते ऋण वजन देतात, म्हणजे त्यांचा वाटा बेरजेतून वजा करतात. कडा टोकदार दिसते ती याच वजाबाकीमुळे, आणि दोषही तिच्यातूनच येतो. एक ओळ घेऊ: ५०, ५०, ५०, २००, २००, २००. डावीकडे गडद, उजवीकडे उजळ, मध्ये एक स्वच्छ कडा. आता प्रत्येक दोन पिक्सेलांच्या बरोबर मधला आकडा काढायचा.

ऐन कडेवर, ५० आणि २०० यांच्या मध्ये, बायलिनिअर १२५ देतो. बायक्यूबिक आणि लॅन्झॉसही तिथे १२५च देतात. फरक पडतो कडेच्या एक घर अलीकडे, जिथे दोन्ही शेजारी ५० आहेत. बायलिनिअरचं उत्तर अर्थातच ५०. बायक्यूबिकची मध्यबिंदूवरची वजनं, रॉबर्ट कीज यांच्या १९८१च्या सूत्राच्या प्रचलित रूपात, −१/१६, ९/१६, ९/१६, −१/१६ अशी असतात. ती लावली की ५०, ५०, ५०, २०० या चौघांतून ४१ येतात. मूळ ओळीत ५०पेक्षा गडद काहीच नव्हतं, तरी ४१ आले. कडेच्या पलीकडे त्याच न्यायाने २०९ येतात. लॅन्झॉसमध्ये तेच आकडे ३३ आणि २१७ होतात. शिवाय आणखी एक घर मागे गेलं की ५४ येतात, म्हणजे गडद पट्ट्यामागे पुन्हा एक फिकट पट्टा. पाण्यावरच्या तरंगांसारखी ही वरखाली कडेपासून दूर जाताना विरत जाते. तिला रिंगिंग म्हणतात.

डोळ्याला ५०च्या जागी ४१ आणि २००च्या जागी २०९ दिसले की कडा अधिक धारदार वाटते. त्या धारेला लोक तपशील समजतात. पण चारही पद्धतींकडे माहिती तेवढीच होती: सहा आकडे. नवा तपशील कोणीच आणलेला नाही. अस्पष्ट नंबरप्लेट लॅन्झॉसने चौपट केली तर पुसट आकडा थोडा कमी मऊ दिसेल, वाचता येणार नाही.

रिंगिंग कुठे खुपेल, याचाही अंदाज बांधता येतो. शुद्ध काळं अक्षर शुद्ध पांढऱ्यावर असेल तर रिंगिंग दिसत नाही, कारण २५५च्या वर आणि ०च्या खाली गेलेले आकडे कापलेच जातात. जुन्या पुस्तकाचा पिवळसर कागद २२०च्या आसपास असतो. तिथे प्रत्येक अक्षराभोवती कागदापेक्षा उजळ अशी एक कडी उमटते. निरभ्र आकाशासमोरची डोंगराची धार, भिंतीसमोरची वीजवाहिनी, सपाट रंगावरचं बोधचिन्ह, हेही तसेच नमुने. केस, गवत, कापडाचा पोत अशा गजबजलेल्या भागात तेच तरंग लपून जातात, म्हणून फोटोंसाठी लॅन्झॉस खरोखर चांगला वाटतो. मला विचाराल तर माणसांच्या आणि निसर्गाच्या फोटोंना लॅन्झॉस, आणि सपाट रंगांच्या आकृत्यांना बायक्यूबिक किंवा अगदी बायलिनिअरही.

लॅन्झॉस हे नाव हंगेरियन गणितज्ञ कॉर्नेलियस लॅन्झॉस (१८९३–१९७४) यांचं. त्यांचं हे गणित फोटोंसाठी नव्हतं. क्लॉड डुशॉन यांनी १९७९मध्ये हवामानशास्त्राच्या नियतकालिकात ही गाळणी एका आणि दोन मितींत मांडून दाखवली.

गैरसमज: लहान करणं सोपं, तिथे पद्धतीने फारसा फरक पडत नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. मोठं करताना आकडे अपुरे असतात. लहान करताना ते फार असतात आणि कोणते टाकायचे हा प्रश्न असतो. पान एक-अष्टमांश केलं, की जुन्या ८ गुणिले ८, म्हणजे ६४ पिक्सेलांच्या जागी एक नवा पिक्सेल बसतो. निअरेस्ट नेबर त्या ६४पैकी एक बघतो. बायलिनिअर जसाच्या तसा वापरला तर मधले चार बघतो. उरलेल्या साठांमध्ये काय होतं, हे त्याला कळतच नाही.

आता शिरोरेषा या हिशेबात घालू. समजा ती चार पिक्सेल जाड आहे. आठ-आठ ओळींच्या गटात ती आठ वेगवेगळ्या जागी पडू शकते. निअरेस्ट नेबर गटातली एकच ओळ वाचतो, त्यामुळे आठपैकी चार जागी रेषा पूर्ण काळी येते आणि चार जागी साफ गायब होते. बायलिनिअर मधल्या दोन ओळी वाचतो: तीन जागी पूर्ण काळी, दोन जागी अर्धवट राखाडी, तीन जागी गायब. पानावरच्या ओळींमधलं अंतर आठच्या पटीत नसतं, म्हणून प्रत्येक ओळीची रेषा वेगळ्या जागी पडते आणि वेगळी दिसते. पान तिरकं असेल तर एकच रेषा डावीकडून उजवीकडे जाताना या सगळ्या जागांमधून जाते, म्हणून तुटक दिसते. साडीच्या बारीक चौकडीवर किंवा कौलांच्या रांगांवर फोटो लहान केल्यावर जे रुंद, खोटे पट्टे उमटतात, त्यांचंही मूळ हेच.

उपाय म्हणजे गाळणी रुंद करणं. चित्र आठपट लहान होत असेल तर वजनांचा आवाकाही आठपट पसरवायचा. मग बायलिनिअर चारऐवजी २५६ पिक्सेल बघतो, लॅन्झॉस छत्तीसऐवजी २३०४. आता रेषा कुठेही पडली तरी हिशेबातून सुटत नाही. प्रत्येक ओळीवर ती राखाडी, पण सलग दिसते. असा रुंद केलेला साधा बायलिनिअर रुंद न केलेल्या लॅन्झॉसपेक्षा किती तरी चांगला निकाल देतो.

गैरसमज: नाव एकच असेल तर निकालही एकच येणार

पायथनच्या पिलो या लायब्ररीत `resize` लहान करताना गाळणी आपोआप रुंद करते. ओपनसीव्हीमध्ये `INTER_LINEAR`, `INTER_CUBIC` आणि `INTER_LANCZOS4` तसं करत नाहीत. लहान करायचं असेल तर तिथे `INTER_AREA` निवडावं लागतं. म्हणून दोन्हीकडे बायलिनिअर निवडून आठपट लहान केलेली पानं शेजारी ठेवली तर एकीकडे शिरोरेषा सलग आणि दुसरीकडे तुटक दिसते. बायक्यूबिकमध्ये आणखी एक भेद आहे: वजनं ठरवणारा आकडा पिलोत −०.५ आहे, ओपनसीव्हीत −०.७५. दुसऱ्यात कडेचे तरंग जास्त उठतात.

आपल्या हातातलं साधन काय करतं हे पाहायला एवढं पुरतं:

```python
from PIL import Image
im = Image.open("page.png").convert("L")
for n in ("NEAREST", "BILINEAR", "BICUBIC", "LANCZOS"):
    m = getattr(Image.Resampling, n)
    im.resize((310, 438), m).save(n + ".png")
```

यातलं `convert("L")` गाळू नये. स्कॅनरने पान निव्वळ काळं-पांढरं, म्हणजे एका बिटचं जतन केलं असेल, किंवा चित्र ठरावीक रंगांच्या तक्त्याचं असेल, तर पिलो तुम्ही काहीही निवडलं तरी निअरेस्ट नेबरच वापरते. चारही फायली हुबेहूब सारख्या आल्या, तर हे झालं आहे असं समजावं. आधी राखाडीत किंवा रंगीत आरजीबीत बदलून मग लहान करावं.

गैरसमज: निअरेस्ट नेबर कालबाह्य आहे

काही चित्रांत आकडा म्हणजे उजेड नसतो, ओळख असते. जमीनवापराच्या नकाशात १ म्हणजे जंगल, २ म्हणजे पाणी, ३ म्हणजे शेत असेल, तर जंगल आणि शेताच्या सीमेवर सरासरी काढली की २ येतात आणि नकाशात नसलेला तलाव उगवतो. तिथे निअरेस्ट नेबरच योग्य. जुन्या खेळांतली ठोकळेदार पात्रं पूर्ण पटीत, दुप्पट किंवा तिप्पट करतानाही तोच हवा. दीडपट केली तर काही ठोकळे रुंद, काही अरुंद होतात.

गैरसमज: गाळणी बरोबर निवडली की उजेड आपोआप बरोबर येतो

फाइलमधले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. १२८ हा आकडा पडद्यावर पांढऱ्याच्या साधारण २२ टक्केच प्रकाश देतो. निम्म्या प्रकाशासाठी १८८ लागतात. त्यामुळे ० आणि २५५ची थेट सरासरी काढली की नवा पिक्सेल हवा त्यापेक्षा गडद येतो. पांढऱ्या कागदावरच्या बारीक अक्षरांना हे उलट मानवतं, कारण ती जरा ठसठशीत राहतात; प्रकाशाच्या हिशेबाने लहान केलेला मजकूर पुसट वाटतो. दिवाळीच्या रोषणाईचा रात्रीचा फोटो मात्र या सरासरीने मरगळतो, कारण काळ्यावरचे बारीक दिवे मावळतात. अशा फोटोसाठी आकडे आधी प्रकाशाच्या प्रमाणात आणावेत, मग लहान करून परत फिरवावेत. इमेजमॅजिकमध्ये ते एका ओळीत होतं:

```
magick in.jpg -colorspace RGB -resize 12.5% -colorspace sRGB out.jpg
```