स्क्रू कुठे पडला ते मला दिसलं होतं

माझे काका इंदूरला राजवाड्याजवळच्या एका गल्लीत घड्याळं दुरुस्त करतात. करत होते, असं म्हणायला हवं, कारण गेल्या गुढीपाडव्याला त्यांनी दुकान बंद केलं. दुकान बंद होणार हे दिवाळीतच ठरलं होतं. मी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, पण माहितीपटांचं वेड जुनं. म्हटलं, काकांवर एक छोटी फिल्म करू. कॅमेरा, ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा बिनतारी माइक घेऊन मी तीन महिन्यांत चार वेळा इंदूरला गेलो.

बिल निकोल्स या अमेरिकन अभ्यासकानं माहितीपटांच्या सहा पद्धती सांगितल्या आहेत. त्यांतल्या तीन मी काकांवर वापरल्या, म्हणजे एक फसली म्हणून दुसरी आणि दुसरी बोचली म्हणून तिसरी. पुस्तकात वाचताना मला वाटायचं की हा शैलीचा प्रश्न आहे. काकांच्या दुकानात कळलं की पद्धत बदलली की समोरच्या माणसाशी आपलं नातंही बदलतं.

पहिली पद्धत एक्स्पोझिटरी, म्हणजे सांगणारी. चित्रावर एक निवेदक बोलतो आणि सगळं समजावून देतो. आपल्या आईवडिलांना ही पद्धत चांगली ठाऊक आहे. १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट पूर्वी टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी दाखवावेच लागत. धरण असो, शेती असो, वरून एक भारदस्त आवाज चालू असायचा. पडद्यावरचा शेतकरी स्वतः फारसा बोलत नसे.

मी तेच केलं. पुण्यात बसून आधी निवेदन लिहिलं, मग त्यातल्या वाक्यांना जुळणाऱ्या दृश्यांची यादी केली. दुकानात गेल्यावर काकांशी माझं बोलणं कसं होतं पाहा. “काका, जरा तो चिमटा पुन्हा उचला.” “काका, इकडे नको, घड्याळाकडे बघा.” एका जुन्या एचएमटीचं मागचं झाकण त्यांनी माझ्यासाठी तीनदा उघडलं. ते माझं ऐकत होते, पण मी त्यांचं काहीच ऐकत नव्हतो, कारण काय म्हणायचं ते आधीच लिहून झालं होतं. या पद्धतीत माणूस आपल्या वाक्याचा पुरावा होतो.

पाच मिनिटांची फिल्म तयार करून मी काका-काकूंना दाखवली. तिचं शेवटचं वाक्य होतं, ‘एका मरत्या कलेचा हा शेवटचा साक्षीदार.’ काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अरे, मी अजून जिवंत आहे. आणि गल्लीच्या त्या टोकाला दोघं जण बसतात अजून. त्यांना काय सांगू?”

मी त्या दोघांना पाहिलंच नव्हतं. माझ्या वाक्यात त्यांना जागा नव्हती.

ही पद्धत वाईट आहे असं नाही. चावीच्या जुन्या घड्याळात सेकंदाला बहुधा पाच ठोके पडतात आणि केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग जरा जरी वाकली तरी घड्याळ पुढे पळतं किंवा मागे पडतं, हे नुसतं पाहून कुणाला कळणार? ते सांगावंच लागतं. यंत्राबद्दल निवेदन खुशाल करावं. माणसाच्या आयुष्याचा निकाल त्याच आवाजात द्यायला लागलो की गडबड होते.

पुढच्या खेपेला ठरवलं की आता काहीच सांगायचं नाही, फक्त पाहायचं. ही दुसरी पद्धत, ऑब्झर्व्हेशनल. साधारण १९६०च्या सुमाराला खांद्यावर घेऊन फिरता येईल असे हलके कॅमेरे आणि त्यांच्याबरोबर चालणारे ध्वनिमुद्रक आले, तेव्हा ती रुजली. नियम कडक असतात. प्रश्न विचारायचा नाही, काही करायला सांगायचं नाही, नंतर निवेदनही जोडायचं नाही. लोक तुम्हाला विसरेपर्यंत कोपऱ्यात उभं राहायचं.

पहिल्या दिवशी काका ताठ बसून काम करत होते आणि गिऱ्हाइकांना “पुतण्या आहे, पिक्चर काढतो,” असं सांगत होते. दुसऱ्या दिवशी जरा सैल झाले. तिसऱ्या दिवशी ते मला खरोखर विसरले. डोळ्याला भिंग लावून ते एका लेडीज घड्याळाचं काम करत होते. चिमट्यातून एक स्क्रू निसटला. हा स्क्रू तिळापेक्षाही लहान असतो. काकांनी टेबल चाचपलं, मांडीवरचं फडकं झटकलं आणि मग हळूहळू गुडघ्यांवर बसून फरशी शोधायला लागले. त्यांचा हात थरथरत होता. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

स्क्रू स्टुलाच्या मागच्या पायाशी पडला होता. मला तो पडताना दिसला होता.

मी बोललो नाही. मध्ये पडायचं नाही हा नियम होता आणि दृश्य फार सुंदर मिळत होतं. खाली वाकलेली पाठ, मागे भिंतीवर चालणारी दहा-बारा घड्याळं. रेकॉर्डिंगमध्ये ते चार मिनिटं भरलं. शेवटी काकांना स्क्रू सापडला. ते उठून बसले आणि त्यांनी काकूंना फोन लावला. कॉलरचा माइक चालूच होता. हेडफोनमध्ये मला ऐकू आलं, “आज पुन्हा हात हलला. मुलांना सांगू नको.”

फ्रेडरिक वाइजमन या अमेरिकन दिग्दर्शकाची ‘टिटिकट फॉलीज’ नावाची १९६७ची फिल्म या पद्धतीतली नावाजलेली. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिजवॉटरला मनोरुग्ण कैद्यांना ठेवायची एक सरकारी संस्था होती, तिथे ती चित्रित झाली. कैद्यांना दिलेली वाईट वागणूक तिच्यात उघड दिसते, पण त्यांची उघडी शरीरं आणि अगतिक क्षणही दिसतात. राज्य सरकार कैद्यांच्या खाजगीपणाचा मुद्दा घेऊन कोर्टात गेलं आणि फिल्मच्या सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी आली. ती उठली १९९१ साली. सरकारला आपली अब्रू झाकायची होती असं बरेच जण मानतात, पण कैद्यांचा प्रश्न त्यानं खोटा ठरत नाही. ज्याला कॅमेऱ्याचं भान नाही, त्याची संमती कुणी द्यायची?

काकांनी मला परवानगी दिली होती, अगदी आनंदानं. पण ती ताठ बसलेल्या काकांची परवानगी होती. तिसऱ्या दिवशी मला विसरलेल्या काकांनी ती दिली नव्हती. आणि या पद्धतीचं यश तर त्यांनी मला विसरण्यावरच अवलंबून होतं. फोनचा तो आवाज मी त्याच रात्री पुसून टाकला. चार मिनिटांचं चित्र मात्र पुसवेना.

तिसऱ्या खेपेला मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि काकांशेजारी स्टुलावर जाऊन बसलो, चौकटीच्या आत. ही पार्टिसिपेटरी, म्हणजे सहभागी पद्धत. इथे चित्रपट करणारा लपत नाही. तो विचारतो, हुज्जत घालतो, आणि त्यालाही समोरून प्रश्न येऊ शकतात.

आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरच्या १९८५च्या फिल्ममध्ये एक बाई त्यांनाच फैलावर घेते. तुम्ही आमची चित्रं काढून नाव कमावणार, आम्हाला त्याचा काय उपयोग, असा तिचा रोख आहे. पटवर्धनांनी तो भाग कापला नाही. कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे आणि का, हे त्यामुळे प्रेक्षकालाही विचारावं लागतं.

माझ्यावरही तशी वेळ आली. मी विचारलं, “काका, हे काम शिकायला कुणी आलं नाही का?” काकांनी भिंग काढलं. “तू आला होतास की. आठवीच्या सुट्टीत. चार दिवस बसलास अन् क्रिकेट खेळायला पळालास.” मी हसलो, तर म्हणाले, “हसून काय राहिला? घे, धर चिमटा.” पुढची वीस मिनिटं मी एक स्क्रू त्याच्या जागी बसवायचा प्रयत्न करतोय आणि तो बसत नाहीये, एवढंच चित्रित झालंय. काका मला शिकवताहेत, त्यांचा हात थरथरतोय, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नाहीये, कारण माझा हात त्याहून जास्त थरथरतोय.

पण या पद्धतीचीही फसगत असते. पुतण्या समोर असल्यावर काका पुतण्याला आवडेल ते बोलतात. “धंदा बंद केल्याचं वाईट वाटतं का?” या माझ्या प्रश्नातच उत्तर होतं, आणि त्यांनी ते मला देऊन टाकलं. संध्याकाळी पाहताना ते खोटं वाटलं, म्हणून काढून टाकलं. शिवाय बरोबरीनं बसलो तरी कात्री माझ्याच हातात होती.

यावर झाँ रूश आणि एदगार मोरँ या दोन फ्रेंच माणसांनी एक वाट काढली होती. १९६०च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये चित्रित केलेल्या त्यांच्या ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’मध्ये रस्त्यावरच्या लोकांना विचारलं जातं, तुम्ही सुखी आहात का? शेवटी ज्यांचं चित्रण झालं त्यांनाच ते पडद्यावर दाखवतात आणि त्यांची मतं फिल्ममध्येच ठेवतात. काहींना ते बनावट वाटलं, तर काहींना नको इतकं उघडं. एकमत झालं नाही.

मीही शेवटच्या खेपेला सगळं चित्रण काका-काकूंना दाखवलं, चार मिनिटांच्या त्या शोधासकट. आधीच सांगितलं की नको म्हणाल ते जाईल. काकू मान खाली घालून बसल्या होत्या. काकांनी पूर्ण पाहिलं. मग मी कबूल केलं, “काका, स्क्रू कुठे पडला ते मला दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“फिल्मसाठी.”

काका बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, आता काढून टाक म्हणतील. ते म्हणाले, “ठेव. पण तू बघत होतास, हे पण सांग त्यात. नुसता मीच का दिसायचा शोधताना?”

फिल्म आता बावीस मिनिटांची आहे. घड्याळ कसं चालतं ते निवेदनात आहे. आम्ही दोघं स्टुलावर बसलेले आहोत. आणि त्या चार मिनिटांच्या चित्रावर माझ्या आवाजात एकच वाक्य आहे, काकांनी घालायला लावलेलं. गल्लीच्या टोकाला बसणारे ते दोघंही आहेत. त्यांच्याकडे काकाच मला घेऊन गेले.