अर्जुनाची शंका आणि कृष्णाचं उत्तर

धर्माला ग्लानी आली की मी येतो, हे गीतेतलं वचन बहुतेकांना पाठ असतं ते दोन श्लोकांपुरतं. चौथ्या अध्यायातले सातवा आणि आठवा. दूरदर्शनवर 1988 साली 'महाभारत' मालिका सुरू झाली आणि तिच्या शीर्षकगीतामुळे हे श्लोक संस्कृतचा गंध नसलेल्या घरांतही पोचले. पण ते ऐकताना आपल्याला वाटतं, कृष्ण उभा राहून साऱ्या जगाला अभय देतोय. प्रत्यक्षात तो एका माणसाच्या अगदी साध्या शंकेचं उत्तर देत असतो.

अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण म्हणतो की हा कर्मयोग मी आधी विवस्वानाला, म्हणजे सूर्याला सांगितला. त्याने मनूला सांगितला, मनूने इक्ष्वाकूला. पुढे राजर्षींच्या परंपरेत तो चालत राहिला आणि बराच काळ लोटल्यावर लुप्त झाला. तू माझा भक्त आणि मित्र, म्हणून तोच जुना योग आज तुला सांगतोय.

अर्जुन इथे अडतो. कृष्ण त्याचा मामेभाऊ, शिवाय सुभद्रेमुळे मेहुणा. डोळ्यांसमोर वावरलेला माणूस. तो म्हणतो, तुझा जन्म अलीकडचा, सूर्याचा कितीतरी आधीचा; मग आरंभी तू त्याला सांगितलंस हे मी कसं समजू? चौथा श्लोक एवढाच आहे. प्रश्न चोख आहे, आणि कृष्ण त्यावर चिडत नाही.

तो आधी म्हणतो, माझे पुष्कळ जन्म झालेत आणि तुझेही. मला ते सगळे माहीत आहेत, तुला नाहीत. मग सहाव्या श्लोकात अट घालतो: मी मुळात जन्म नसलेला, न संपणारा, सर्व भूतांचा ईश्वर, तरी स्वतःच्या प्रकृतीचा आधार घेऊन आपल्याच मायेने प्रकट होतो. आपण जन्मतो ते कर्माच्या ओढीने, तो येतो ते आपल्या इच्छेने. हा फरक सांगून झाला की ओघानेच पुढचा प्रश्न उरतो: येतोस तरी केव्हा, आणि कशासाठी? 'केव्हा'चं उत्तर सातव्यात, 'कशासाठी'चं आठव्यात. सज्जनांचं रक्षण, दुष्कृत्यं करणाऱ्यांचा नाश आणि धर्माची पुन्हा स्थापना.

सातव्या श्लोकातला 'भारत' म्हणजे आपला देश नव्हे, हेही इथेच सांगून टाकावं. भरतकुळातल्या अर्जुनाला मारलेली ती हाक आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अर्थांमध्ये हा घोटाळा सर्रास दिसतो.

आठव्या श्लोकातल्या नाशावर आपली नजर खिळते, पण भाष्यकारांचं लक्ष दुसरीकडे होतं. सहाव्या श्लोकावर लिहिताना शंकराचार्य बजावतात की देव जन्मल्यासारखा दिसतो, खरोखर आपल्यासारखा जन्मत नाही. रामानुजाचार्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ते येणं खरंच आहे. सज्जन म्हणजे देवाच्या दर्शनावाचून क्षणभरही राहू न शकणारे लोक, आणि त्यांना दर्शन देणं हेच त्यांचं रक्षण, असं ते सांगतात. आपल्या ज्ञानेश्वरांकडे शत्रू म्हणून उभा असतो तो अज्ञानाचा अंधार. देव साकार होऊन तो गिळतो, पापांची खाती फाडून टाकतो आणि सज्जनांच्या हातून सुखाची गुढी उभारतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदानात त्यांनी खळांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच मागितलं, हे सहज आठवतं.

नववा श्लोक वगळला की सगळं उत्तर अर्धवट राहतं. हा दिव्य जन्म आणि हे दिव्य कर्म जो नीट ओळखतो, तो देह सोडल्यावर पुन्हा जन्माला येत नाही, मला येऊन मिळतो, असं कृष्ण म्हणतो. देव पुन्हा पुन्हा येतो; ते ओळखणाऱ्याला मात्र पुन्हा यावं लागत नाही. दहाव्यात तो पुढे सांगतो की आसक्ती, भय आणि क्रोध सुटलेले पुष्कळ जण असे माझ्यापर्यंत पोचले आहेत.

बरं, देव येणारच आहे तर आपण वाट पाहावी का? कृष्ण अर्जुनाला ती मुभा देत नाही. चौदाव्यात तो म्हणतो की मला कर्मांचा लेप लागत नाही, कारण फळाची इच्छा नाही. आणि लगेच पंधराव्यात सांगतो की पूर्वीच्या मुमुक्षूंनी हे जाणून कर्मच केलं, तेव्हा तूही कर्मच कर. हे बोलणारा स्वतः घोड्यांचे लगाम धरून बसला आहे. या युद्धात शस्त्र उचलणार नाही, असं त्याने आधीच सांगून ठेवलंय. गांडीव अर्जुनालाच उचलायचं आहे.