खिडकीपाशी दोन-तीन मिनिटं

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत विद्यार्थी व्हिसाची मुलाखत उभ्यानेच होते. मध्ये काच, पलीकडे अधिकारी, आणि बहुतेकांचं बोलणं दोन-तीन मिनिटांत आटोपतं. मुलं फायली भरभरून कागद नेतात, त्यातला एकही कागद मागितला जात नाही असंही अनेकदा होतं. एवढ्याशा बोलण्यावर अधिकारी निर्णय घेतो तरी कसा, याचं मला फार नवल वाटायचं. त्याचं उत्तर १९५२ च्या अमेरिकी इमिग्रेशन कायद्यात, कलम २१४(बी) मध्ये आहे.

हे कलम सांगतं की व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरा. तसं नाही हे त्यानेच पटवून द्यावं. कोर्टात आरोपीला आधी निर्दोष मानतात, इथे बरोबर उलटं. नकार का दिला हे अधिकाऱ्याला सिद्ध करावं लागत नाही, त्याची खात्री पटली नाही एवढं पुरतं. आणखी एक गंमत पाहा: नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाला १९९० च्या दुरुस्तीने या गृहीतकातून सूट मिळाली. विद्यार्थ्याला मात्र ती आजही नाही.

म्हणून "परत येणार का?" हा प्रश्न कधी थेट, कधी आडून, पण येतोच. बावीस वर्षांच्या मुलाकडे ना स्वतःचं घर, ना परत बोलावणारी नोकरी. पण दहा वर्षांनी तो कुठे असेल, हे सांगायची अपेक्षा त्याच्याकडून नसते. आज, अर्ज करताना, शिक्षण संपल्यावर परतायचा त्याचा इरादा आहे का, हे पाहायचं असतं. "आई-वडील इथे आहेत म्हणून परत येईन" हे उत्तर खरं असलं तरी दुबळं पडतं, कारण रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाचे आई-वडील इथेच असतात.

समजा, कोल्हापूरचा एक मुलगा आहे. मेकॅनिकल झाला, दोन वर्षं शिरोलीच्या एका फौंड्रीत काम केलं. वडिलांचं पॅटर्न बनवायचं वर्कशॉप. आता त्याला मटेरियल्समध्ये एमएस करायचंय, तीन सेमिस्टरचं. "हेच विद्यापीठ का?" असं विचारल्यावर "रँकिंग चांगलं आहे" म्हणाला, तर काचेपलीकडच्या माणसाला काहीच कळत नाही. तेच तो म्हणाला, "आमच्याकडे पंपाच्या बॉडीत ब्लो होल यायचे, साचा बदलून बदलून कंटाळलो. वितळलेला धातू साच्यात कसा भरतो याचं सिम्युलेशन या विभागात शिकवतात. ते शिकून वडिलांच्या पॅटर्नचं डिझाइन मला बदलायचंय," तर कोर्स का, हेच विद्यापीठ का आणि परत का, या तिन्ही प्रश्नांना एकाच दमात उत्तर मिळतं. परतायचं कारण त्याला वेगळं शोधावं लागलं नाही, ते ब्लो होलमध्येच होतं.

आता पैसा. विद्यापीठाच्या आय-२० वर पहिल्या वर्षाचा खर्च छापलेला असतो. समजा तो ३६,००० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ३० लाख ६० हजार. तिसऱ्या सेमिस्टरसाठी त्याच्या निम्मे धरले तर एकूण सुमारे ४६ लाख. बँकेचं मंजूर कर्ज ३५ लाख, वडिलांची आठ वर्षांत साठलेली एफडी १२ लाख. जमलं. हे आकडे मुलाला तोंडावर यायला हवेत, कारण "कोण देणार?" याच्या मागोमाग "वडिलांचं उत्पन्न किती?" हा प्रश्न येऊ शकतो. तिथे मुलगा गडबडला की ऐकणाऱ्याला शंका येते.

बरंचसं बिघडतं ते इथेच. मुलाखतीच्या महिनाभर आधी एखाद्याच्या खात्यात एकदम १२ लाख जमा झालेले असतात, आणि त्याचा उलगडा मुलालाच करता येत नाही. काकांनी दिले असतील तर काकांनी दिले असं सांगावं, काका का देतायत तेही सांगावं. उसने पैसे आपले म्हणून दाखवणं किंवा बनावट पत्र जोडणं यात फार मोठा धोका आहे. २१४(बी) खाली नकार मिळाला, तर फी बुडते आणि अपील नसतं, पण परिस्थिती बदलली की नव्याने अर्ज करता येतो. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं ठरलं, तर वेगळ्या कलमाखाली अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात.

तयारी करून घेताना मी मुलांना उत्तरं पाठ करू देत नाही. घरात बसवतो, फाइल बाजूला ठेवायला लावतो आणि विचारतो, "तुझ्या फौंड्रीत सगळ्यात जास्त रिजेक्शन कशाचं होतं?" कोल्हापूरच्या त्या मुलासारखा मुलगा त्यावर हात हलवत, साच्याचा आकार हवेत काढत बोलू लागतो. मग पुढचा प्रश्न: "आणि शिक्षणाचे पैसे कोण देणार?" तो त्याच आवाजात, न थांबता, "पस्तीस लाख बँक, बारा लाख बाबा" म्हणाला, की मी फाइल उघडायला सांगत नाही.