लग्नाचं शूटिंग: काय ठेवायचं, कुठे ठेवायचं

लग्नाच्या डीव्हीडीत एक गोष्ट बहुधा नसतेच, ती म्हणजे लग्नातला आवाज. एडिटिंग करताना शूटिंगवाला हळदीवर एक सिनेमातलं गाणं टाकतो, वरातीवर दुसरं आणि पाठवणीवर ठरलेलं तिसरं. गाणं चढलं की खालचा मूळ आवाज बंद होतो. आजीचे ओठ हलताना दिसतात, पण ती कोणतं मंगलाष्टक म्हणत होती ते कळत नाही. नवरी उखाणा घेते, सगळे हसतात, उखाणा मात्र ऐकू येत नाही. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर साठलेल्या व्हिडिओंतलं काय जपायचं हे ठरवायला बसाल, तेव्हा डोळ्यांआधी कान वापरा.

सांगलीतलं एक घर उदाहरणादाखल घेऊ. कॉम्प्युटरवर ‘Shooting’ नावाचं फोल्डर, साधारण ४७५ जीबीचं. त्यात २००३ च्या लग्नाच्या तीन डीव्हीडी आहेत, मिळून १३ जीबी. त्याच लग्नात अमेरिकेहून आलेल्या मावसभावाने हँडीकॅमवर केलेल्या दोन मिनीडीव्ही कॅसेटी त्याने नंतर कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. या प्रकारात एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणजे २६ जीबी. २०११ चं दुसरं लग्न एमटीएस फाइलींमध्ये आहे, पाच तास, ३८ जीबी. २०२२ च्या लग्नाची तयार फिल्म ८ जीबी, आणि तिच्याबरोबर शूटिंगवाल्याने दिलेला कच्चा माल तब्बल ३०० जीबी. उरलेले ९० जीबी म्हणजे घरच्या गणपती-गौरींचे, वेगवेगळ्या फोनांतून गोळा झालेले व्हिडिओ.

बहुतेक जण निवड जुन्यापासून सुरू करतात. ‘कॅसेटीतलं हलतंय, अंधार आहे, आणि डीव्हीडी आहेच की,’ म्हणत २६ जीबी उडवतात आणि ड्रोनने टिपलेलं चकचकीत कार्यालय ठेवतात. माझ्या मते हे नेमकं उलट व्हायला हवं. मावसभावाचा हात हलत होता हे खरं, पण त्याच्या कॅमेऱ्याच्या माइकमध्ये मंगलाष्टकं आहेत, रुसलेल्या आत्याची समजूत आहे, पंगतीतला आग्रह आहे. डीव्हीडीवर यातलं काही नाही. शिवाय २००३ चं जे काही आहे ते एवढंच आहे. तेव्हा जुनं सगळं ठेवायचं. २०११ च्या पाच तासांत काटछाट करायला जितक्या संध्याकाळी जातील, तितकी जागा वाचणार नाही. कात्री चालवायची ती नव्यावर.

२०२२ च्या ३०० जीबीत दोन कॅमेरे आणि एक ड्रोन आहे. त्यातला एक कॅमेरा तिवईवर उभा राहून सीमांतपूजनापासून सप्तपदीपर्यंत सलग चालू होता. तो कंटाळवाणा वाटतो, पण सगळे विधी मूळ आवाजासह त्याच्यातच आहेत, तो पूर्ण ठेवायचा. दुसरा कॅमेरा फिल्मसाठी नथ, मेंदी, अक्षता असे तुकडे टिपत फिरत होता. त्यातले चांगले तुकडे फिल्ममध्ये आलेले आहेत. स्लो मोशनच्या क्लिपांत तर अनेक कॅमेरे आवाज नोंदवतच नाहीत. ते आणि ड्रोनचं चित्रण सोडून दिलं, आणि कुणी बोलतंय, गातंय किंवा उखाणा घेतंय अशा क्लिपा वेचल्या, की ६० जीबी उरतात.

गणपतीच्या फायलींत निम्मी गर्दी व्हॉट्सअ‍ॅपने केलेली असते. ती नावावरूनच ओळखता येते: `VID-20190902-WA0007.mp4` यातलं `WA` म्हणजे ही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत. पाठवताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो, त्यामुळे चेहरे धुरकट होतात. २ सप्टेंबर २०१९ ची ती आरती कुणी काढली होती ते विचारा आणि त्या फोनमधली मूळ फाइल केबलने घ्या. ती मिळाली की `WA` वाली पुसा. फोनच विकला गेला असेल तर धुरकट का होईना, तीच मूळ समजा. मग दरवर्षीची एक पूर्ण आरती, घरातले सगळे दिसतील अशी, आणि गौरीपुढची झिम्मा-फुगडीची गाणी अथपासून इतिपर्यंत. विसर्जनाच्या ढोलांचे बाराव्यांदा टिपलेले व्हिडिओ गेले तरी चालतील. ९० चे २० होतात. सगळं मिळून आता १६५ जीबी आहे.

निवड करताना फाइल ठेवायची किंवा सोडायची, कापायची नाही. साध्या अ‍ॅपने तुकडा कापून जतन केला की बहुतेक वेळा तो नव्याने दाबला जातो. डीव्हीडीतलं `VIDEO_TS` आणि हँडीकॅमचं `AVCHD` ही फोल्डरं जशीच्या तशी ठेवा. लांब चित्रण कॅमेरा अनेक फायलींत तोडतो, आणि ते सांधायची माहिती त्या फोल्डरातल्या बारक्या फायलींत असते. फोनवर बघायला एमपी४ हवी तर करा, पण ती जास्तीची.

प्रत्येक फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा, वर्ष आधी. आत एक साधी टेक्स्ट फाइल: कुणाचं लग्न, कुठे, आणि कितव्या मिनिटाला कोण दिसतं. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून लिहावं लागतं. २००३ च्या पंगतीत वाढणारे ते उंच गृहस्थ कोण, हे सांगू शकणारं आता कदाचित एकच माणूस घरात असेल.

आता दोन प्रती. सर्वांत पसरलेला गैरसमज असा की डी ड्राइव्हवरचं सी ड्राइव्हवर ठेवलं की झाल्या दोन. बहुतेक घरच्या कॉम्प्युटरांत हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. दुसरी चूक आणखी गुपचूप होते. व्हिडिओ हार्ड डिस्कवर टाकले, दोन प्रती झाल्या, आणि सहा महिन्यांनी कॉम्प्युटर मंद झाला म्हणून मुलाने तिथली फोल्डरं पुसली. प्रत एकच उरली, आणि हे कुणाच्या लक्षातही नाही. म्हणून कॉम्प्युटरवरचं मोजायचंच नाही. प्रत्येकी १ टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात पडला तर त्यातली माहिती विरू शकते, तो नेण्या-आणण्यापुरता. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालायला हवी असेल तर डिस्क `exFAT` मध्ये फॉरमॅट करा. `FAT32` वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि मावसभावाची एकेक कॅसेट १३ जीबीची आहे.

कॉपी झाली म्हणजे नीट झाली असं नाही. मूळ फोल्डर आणि प्रत, दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि `Size` समोरचे बाइट्स जुळतात का बघा. `Size on disk` वेगळा असला तरी काळजी नको. आकडे जुळूनही आतलं बिघडलेलं असू शकतं, म्हणून ज्या फायली पुन्हा मिळणार नाहीत त्यांच्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
certutil -hashfile "E:\Shooting\tape1.avi" SHA256
```

६४ अक्षरांची एक ओळ येते. मूळ फाइलची आणि प्रतीची ओळ अक्षर न् अक्षर सारखी हवी. तपासण्याआधी डिस्क एकदा सुरक्षितपणे काढून पुन्हा लावा, नाहीतर कॉम्प्युटर डिस्कवरचं न वाचता स्वतःच्या स्मृतीतलंच वाचून ‘सगळं ठीक’ सांगू शकतो. मूळ फाइलची ओळ टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवली की पुढच्या वर्षीही तिच्याशी ताडता येते. डीव्हीडी उतरवताना मध्येच `Cyclic redundancy check` असा निरोप आला, तर तबकडी तिथे वाचता येत नाही. पुसून, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. अनेकदा एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला जमतं.

दोन डिस्क एका कपाटात ठेवू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा त्याने कपाटातला वरचा कप्पा आणि खालचा कप्पा असा फारसा भेद केला नाही. आपल्या उदाहरणातली एक डिस्क सांगलीत राहील, दुसरी पुण्याच्या धाकट्या भावाकडे. गणपतीला तो घरी येतो तेव्हा बरोबर घेऊन येतो. दोन्ही डिस्क लावून त्या ६४ अक्षरांच्या ओळी ताडायच्या, गेल्या वर्षातलं निवडलेलं नवं दोन्हींवर भरायचं, आणि जाताना त्याने सांगलीची डिस्क न्यायची, आपली ठेवायची. चार-पाच वर्षांनी, किंवा डिस्क टकटक आवाज करू लागली तर त्याच दिवशी, नवी विकत घ्यायची. आवाज करणारीवरून नव्हे, दुसरीवरून भरायची.