संतापाच्या मजकुरातून तक्रार-अर्ज

सांगलीतील एका वित्तसंस्थेच्या शाखेत काम करणाऱ्या तरुणीने रात्री साडेनऊला थोरल्या बहिणीला व्हॉट्सॲपवर चाळीसएक ओळींचा मजकूर पाठविला. ‘साहेब मुद्दाम छळतात, रोज संध्याकाळी मीटिंग लावतात, त्यांना आपल्या धर्माचा द्वेष आहे, नोकरीच सोडते.’ चातुर्मासात तिचा रात्रिभोजनाचा त्याग असल्याने बैठक लांबली की तिला उपाशीच राहावे लागे.

बहिणीने सांत्वन केले. परंतु तो मजकूर जसाच्या तसा वरिष्ठांकडे पाठवू दिला नाही. दुसऱ्या दिवशी दोघींनी त्याचे एकेक वाक्य तपासले. जे पाहिले वा ऐकले ते एका बाजूस आणि जो तर्क केला तो दुसऱ्या बाजूस मांडला. ‘मुद्दाम’ आणि ‘द्वेष’ हे तर्क ठरले. साहेबांच्या मनातील हेतू सिद्ध करणे तिच्या हाती नव्हते. तसे लिहिले असते तर चौकशी त्या शब्दांवरच अडली असती.

‘रोज’ हा शब्दही टिकला नाही. पूर्वीचे संदेश चाळता त्यांवरील तारीख-वेळेवरून ऑगस्टमधील चार बैठका निघाल्या: ४, ६, १२ आणि १९ तारखेच्या. अशा संदेशांतून साहेब काय बोलले हे सिद्ध होत नाही, तारखा मात्र हाती लागतात. बैठकीची सूचना देणारे ई-मेल कार्यालयात होतेच. प्रत्येक सूचना पावणेसहानंतरची होती, आणि कामाची वेळ सहाला संपत असे.

सर्वाधिक राग ज्या ओळीत होता, तिथेच महत्त्वाची घटना दडलेली होती. १२ तारखेला दोन सहकाऱ्यांसमोर साहेब म्हणाले होते, ‘उपास-तापास घरी करा.’ हे वाक्य अवतरणचिन्हांत, कोणतेही विशेषण न जोडता अर्जात आले. १९ तारखेला ती न सांगता बैठकीतून उठून गेली होती. बहिणीच्या आग्रहाने तेही तिने लिहिले; साहेब ते सांगणारच होते आणि लपविलेली गोष्ट त्यांच्या तोंडून आली असती तर उरलेल्या अर्जावरचा विश्वास उडाला असता.

अर्ज अखेर एका पानाचा झाला:

‘विषय: कामाच्या वेळेनंतरच्या बैठकांची पूर्वसूचना मिळणेबाबत. वरील चार दिवशी बैठका सव्वासहाला सुरू होऊन साडेसातनंतर संपल्या. मी सूर्यास्तानंतर भोजन करीत नसल्याने त्या दिवशी उपाशी राहावे लागले. विनंती: बैठकीची सूचना आदल्या दिवशी मिळावी किंवा मला सहा वाजता जाण्याची अनुमती असावी. सूचनांच्या ई-मेलच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.’

राजीनाम्याची धमकी गळाली. सहकाऱ्यांविषयीच्या कानगोष्टीही वगळल्या. उपस्थित सहकाऱ्यांची नावे त्यांना विचारूनच घातली.

लैंगिक छळाचा प्रकार असता तर हा मार्ग अपुरा ठरला असता. त्यासाठी २०१३ च्या कायद्यानुसार कार्यालयाच्या अंतर्गत समितीकडे सामान्यतः तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. हे प्रकरण वेळेचे होते, म्हणून अर्ज मनुष्यबळ विभागाकडे गेला आणि पोच घेतलेली प्रत तिने घरी ठेवली.